हात लागला, पण हँडबॉल झाला का?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज थेट दोन मॅचेसपासून सुरू करतो. दोन्ही युरो २०२४ मधल्या, दोन्ही जर्मनीच्या, आणि दोघींमध्ये फक्त सहा दिवसांचं अंतर.

पहिली मॅच २९ जूनला डॉर्टमुंडमध्ये, जर्मनी विरुद्ध डेन्मार्क. जर्मनीच्या राउमने जवळून क्रॉस मारला आणि डेन्मार्कच्या आंडरसनच्या हाताला बॉल निसटता लागला. पेनल्टी. हावर्ट्झने गोल केला आणि जर्मनी पुढे गेली.

दुसरी ५ जुलैला स्टुटगार्टमध्ये, जर्मनी विरुद्ध स्पेन. स्कोअर १-१, एक्स्ट्रा टाइम सुरू, १०६ वं मिनिट. मुसियालाने गोलच्या दिशेने जोरात शॉट मारला आणि तो स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागून अडला. पेनल्टी नाही. पुढे ११९ व्या मिनिटाला मेरिनोने हेडर मारला आणि यजमान जर्मनी घरी बसली.

म्हणजे गोलकडे न जाणारा बॉल बोटांना निसटता लागला तर पेनल्टी, आणि गोलकडे जाणारा बॉल हाताने धडधडीत अडला तर काहीच नाही. जर्मनीला एकदा फायदा झाला, एकदा तोटा. हे ऐकून कुणीही म्हणेल, नियमच येडा आहे. पण नियम नेमका काय विचारतो ते समजलं, की हे दोन्ही निर्णय का झाले ते कळतं. आणि त्यातला एक का चुकला, तेही कळतं.

नियम "हात लागला का" असं विचारतच नाही

आपण मैदानावर काय ओरडतो? "हँड! हँड!" बॉल हाताला लागला की झालं. पण फुटबॉलच्या नियमांमध्ये, म्हणजे बाराव्या नियमात, स्पष्ट लिहिलंय की हाताला किंवा दंडाला बॉल लागणं हा दर वेळी गुन्हा नाही. गुन्हा तीन प्रकारांनी होतो.

एक, खेळाडूने मुद्दाम हात लावला. म्हणजे हात बॉलकडे गेला. दोन, हात लागून थेट गोल झाला, किंवा हात लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल केला. इथे चुकून लागला तरी गोल रद्द. तीन, हात अशा ठिकाणी होता की खेळाडूने आपलं शरीर "अनैसर्गिकपणे मोठं" केलं.

पहिले दोन प्रकार त्यातल्या त्यात सोपे. सगळी भांडणं तिसऱ्यावर होतात. आजचा भाग त्याच्यावरच आहे.

त्याआधी एक छोटी गोष्ट: हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या टोकाची पातळी धरायची. त्याच्या वर लागला तर तो खांदा, चालतं. खाली लागला तर तो हात. म्हणून खांद्याच्या गोलाईवर लागलेला बॉल हँडबॉल नसतो, प्रेक्षक कितीही ओरडले तरी.

"नैसर्गिक" म्हणजे हात शरीराला चिकटलेला, असं नाही

हा सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं, हात खाली लटकलेला असेल तर नैसर्गिक आणि बाहेर असेल तर अनैसर्गिक. पण माणूस पळतो तेव्हा काय होतं बघा. उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे येतो. दिशा बदलताना बाहेरचा हात उघडतो, तोल सांभाळायला. उडी मारताना दोन्ही हात वर जातात, कारण त्यांच्या झटक्यानेच उंची मिळते. हात बांधून उडी मारून बघा एकदा, फरक लगेच कळेल. घसरून टॅकल करताना एक हात जमिनीवर टेकतो, नाहीतर माणूस खांद्यावर आपटेल.

म्हणजे या सगळ्या वेळी हात शरीरापासून लांब असतो आणि तरीही तो नैसर्गिक असतो. नियमाची आजची भाषा हेच सांगते. रेफरीने बघायचं की हाताची जागा ही त्या विशिष्ट प्रसंगातल्या शरीराच्या हालचालीचा परिणाम आहे का, किंवा त्या हालचालीने तिचं समर्थन होतं का. दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर खेळाडूने बॉल हाताला लागण्याचा धोका स्वतःहून पत्करलाय, मग शिक्षा.

"त्या विशिष्ट प्रसंगातल्या" हे शब्द लक्षात ठेवा. खांद्याच्या उंचीवर असलेला हात हेडरसाठी उडी मारणाऱ्याचा असेल तर चालू शकतो. तोच हात, तेवढ्याच उंचीवर, पण खेळाडू जमिनीवर स्थिर उभा राहून शॉट अडवतोय, तर चालणार नाही. फोटो सारखा, निर्णय वेगळा. कारण नियम हाताचा कोन मोजत नाही, हात तिथे का आला ते विचारतो.

मग सरळ इफ-एल्स का नाही लिहीत?

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझाही पहिला विचार हाच होता. एक सरळ अट टाका, हात खांद्याच्या वर म्हणजे फाउल, विषय संपला. मजा म्हणजे हे करून बघितलेलं आहे. २०१९ मध्ये नियम बनवणाऱ्या मंडळाने, म्हणजे इफाबने, जवळजवळ असंच लिहिलं. हात खांद्याच्या पातळीच्या वर असेल तर सहसा गुन्हा. पडताना शरीर आणि जमिनीच्या मधे टेकलेला हात सहसा गुन्हा नाही. अशी यादीच दिली.

मग आला २७ सप्टेंबर २०२०, टॉटनहॅम विरुद्ध न्यूकॅसल. टॉटनहॅम १-० ने पुढे, मॅच इंज्युरी टाइममध्ये. न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलने हेडर मारला. टॉटनहॅमचा एरिक डायर त्याच्याबरोबरच हवेत उडाला होता, त्याची पाठ बॉलकडे होती आणि उडीमुळे हात वर होता. बॉल मागून येऊन त्या हाताला लागला. डायरला बॉल दिसलाही नव्हता. व्हीएआरने रेफरीला स्क्रीनकडे बोलावलं, पेनल्टी दिली गेली, विल्सनने गोल केला, १-१.

तेव्हाच्या शब्दांप्रमाणे हा निर्णय बरोबर होता. हात खांद्याच्या वर, अट पूर्ण. पण फुटबॉल खेळलेल्या कुणालाही विचारा, पाठमोऱ्या माणसाने उडी मारताना हात कुठे ठेवायचे? म्हणजे अट अगदी स्पष्ट होती, आणि तिचा निकाल कुणालाच पटत नव्हता. २०२१ च्या उन्हाळ्यात इफाबने ही यादी काढून टाकली आणि निर्णय पुन्हा रेफरीच्या वाचनावर सोडला. पळणं, उडी, टॅकल, वळण, धक्का, ढकलाढकली यांची इतकी मिश्रणं होतात की ती सगळी यादीत बसत नाहीत.

हाच या नियमाचा खरा पेच आहे. अट पक्की केली तर निर्दोष माणसाला शिक्षा होते. सैल केली तर दोन रेफरी एकाच प्रसंगाचे दोन अर्थ लावतात. आत्ता आपण दुसऱ्या टोकाला आहोत.

वेळ किती मिळतो?

एक छोटा हिशोब करू. चांगला शॉट समजा ताशी ९० किलोमीटरने येतोय. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. डिफेंडर ५ मीटरवर उभा आहे, तर बॉल त्याच्यापर्यंत ०.२ सेकंदात पोचतो. डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला लागणारा वेळही साधारण तेवढाच, ०.२ ते ०.२५ सेकंद. म्हणजे ५ मीटरच्या आत हात मागे घेणं जवळपास अशक्य.

२०१९ च्या आधी नियमाच्या मजकुरात "अंतर" आणि "अनपेक्षित बॉल" हे मुद्दे थेट लिहिलेले होते. आता ते मजकुरात नाहीत. का? कारण प्रश्न आता असा आहे की बॉल निघण्याच्या आधी हात कुठे होता. हात आधीच पसरलेला असेल, तर "मला वेळच मिळाला नाही" हे कारण चालत नाही, तू आधीच भिंत रुंद करून ठेवली होतीस. पण हात हालचालीमुळे तिथे होता आणि बॉल दोन मीटरवरून आला, तर रेफरी ते अंतर मनात धरतोच. मजकुरात नसलं तरी डोक्यात असतं.

म्हणून हल्ली डिफेंडर क्रॉससमोर हात पाठीमागे बांधून उभे राहतात. सुरक्षित आहे, पण फुकट नाही. हात मागे बांधल्यावर वळायला वेळ लागतो, तोल जातो, आणि विंगर एका डॉजमध्ये निघून जातो. डेन्मार्कचे कोच युलमंड यांचा त्या मॅचनंतरचा राग याच मुद्द्यावर होता: डिफेंडरने हात मागे बांधून पळावं ही अपेक्षाच अनैसर्गिक आहे.

आणि शिक्षा किती मोठी आहे बघा. पेनल्टी चारपैकी साधारण तीन वेळा गोल होते. बॉक्सच्या कोपऱ्यात, गोलकडे न जाणारा एक साधा क्रॉस हाताला चाटून गेला, तरी समोरच्याला जवळजवळ पाऊण गोल मिळतो. फ्री किक आणि पेनल्टी यांच्या मधलं काहीच नियमात नाही. इतका राग येतो तो यामुळेच.

व्हीएआर कुठे मदत करतो आणि कुठे नाही

आता परत आंडरसनकडे. त्या स्पर्धेच्या बॉलमध्ये एक सेन्सर होता, सेकंदाला ५०० वेळा बॉलची हालचाल नोंदवणारा. रेफरी मायकल ऑलिव्हर स्क्रीनवर गेले तेव्हा त्यांना व्हिडिओसोबत एक आलेख दाखवला. हाताजवळून जाताना रेषेत एक टोक उठलं. क्रिकेटमधला स्निको आठवतो ना, डिट्टो तसंच.

त्या आलेखाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं: हात लागला का? हो, लागला. पण दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे हात तिथे का होता याबद्दल, आलेखात एक अक्षरही नाही. तो निर्णय ऑलिव्हर यांनाच करायचा होता. आंडरसन पळत होता, हात शरीरापासून थोडा बाहेर होता, बॉल अगदी जवळून आला. त्यांनी वाचलं की हात बाहेर राहिला आणि क्रॉसचा रस्ता अडला. दुसरा रेफरी वाचू शकला असता की पळताना हात तेवढा बाहेर असतोच. ठळक आलेखामुळे पाहणाऱ्याला वाटतं की सगळंच सिद्ध झालं. सिद्ध फक्त स्पर्श झालेला असतो.

स्लो मोशनचंही असंच आहे. हळू चालवलं की ०.२ सेकंदांचे दोन सेकंद होतात आणि वाटतं, "अरे, हात मागे घ्यायला केवढा वेळ होता!" म्हणून व्हीएआरच्या नियमावलीत एक चांगली अट आहे. बॉल नेमका कुठे लागला हे बघायला स्लो मोशन वापरा, पण तो गुन्हा आहे का हे ठरवताना नॉर्मल स्पीड वापरा. दोन प्रश्न, दोन वेग. टीव्हीवर मात्र आपल्याला स्लो मोशनच पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि शेवटी बॉल हाताला टेकलेला तो एक गोठवलेला फोटो. त्या फोटोत हालचाल नसते. हात येत होता की जात होता, काहीच कळत नाही.

हे आपल्या जवळच्या मॅचवर लावून बघू. १८ मार्च २०२३, गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल, एटीके मोहन बागान विरुद्ध बंगळुरू. कॉर्नर आला, बंगळुरूच्या रॉय कृष्णाच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी, आणि १४ व्या मिनिटाला पेट्राटोसचा गोल. त्या मॅचमध्ये एकूण तीन गोल पेनल्टीवर झाले, २-२ नंतर शूटआउटमध्ये मोहन बागान जिंकला, आणि बंगळुरूचे मालक पार्थ जिंदाल यांनी व्हीएआर आणा अशी मागणी केली. आयएसएलमध्ये व्हीएआर नव्हता, म्हणजे रेफरीला एकदाच, एकाच कोनातून, नॉर्मल स्पीडने बघायचं होतं.

कॉर्नर हा हँडबॉलसाठी सगळ्यात अवघड प्रसंग. दहा-बारा जण एकमेकांना खेटून उभे, अर्धे उड्या मारतायत, सगळ्यांचेच हात वर. रेफरीला एका सेकंदात ठरवायचं असतं की हा हात उडीच्या झटक्याने वर गेला, की उडीला गरज नसताना बॉलच्या रस्त्यात गेला. व्हीएआर असता तर स्पर्श पक्का झाला असता, चुकीचा माणूस पकडला गेला नसता, हे फायदे खरेच आहेत. पण "का" हा प्रश्न तेव्हाही माणसालाच सोडवावा लागला असता.

कुकुरेयाचं काय झालं मग?

रेफरी अँथनी टेलर आणि व्हीएआर दोघांनीही पेनल्टी दिली नाही. त्यांचं वाचन असं: हात खाली होता, वर किंवा आडवा पसरलेला नव्हता, आणि बॉल आला तेव्हा तो मागे, शरीराकडे जात होता. नियमाच्या मजकुराशी हे जुळतं. बरेच जण तेव्हा म्हणाले, बरोबर आहे.

पण सप्टेंबर २०२४ मध्ये युएफाच्या रेफरी विभागाचं मत बाहेर आलं: पेनल्टी द्यायला हवी होती. कारण त्यांच्या मार्गदर्शनानुसार, गोलकडे जाणारा शॉट हाताने अडला तर जास्त कडक व्हायचं. हात शरीराला चिकटलेला किंवा अगदी जवळ असेल तरच सूट. कुकुरेयाचा हात अगदी जवळ नव्हता.

गंमत बघा. "गोलकडे जाणारा शॉट" हे शब्द बाराव्या नियमाच्या त्या तिसऱ्या कलमात नाहीतच. ते युएफाने आपल्या रेफरींना दिलेल्या सूचनांमध्ये आहेत. म्हणजे नियम जगभर एकच, पण त्यावर प्रत्येक संघटनेचा स्वतःचा अर्थाचा थर. प्रीमियर लीगचा वेगळा, युएफाचा वेगळा. शनिवारी लीगमध्ये सुटलेला हात बुधवारी चॅम्पियन्स लीगमध्ये पकडला जातो, तो यामुळे. आणि सूचना बारीकसारीक बदलत राहतात, प्रेक्षकांना त्या कुणी सांगत नाही.

पुढच्या वेळी काय बघायचं

मोबाइलवर क्लिप आली की मी एक सोपी गोष्ट करतो. बॉलवर अंगठा ठेवून तो झाकायचा आणि नॉर्मल स्पीडने फक्त खेळाडू बघायचा. आता स्वतःला विचारायचं: हा माणूस काय करतोय? पळतोय, उडी मारतोय, वळतोय, की शॉटसमोर आडवा येतोय? आणि ते करायला त्याला हा हात इथे लागतो का?

डायरवर करून बघा. बॉल झाकला तर एक माणूस हेडरसाठी उडी मारतोय, हात वर, एकदम साधं चित्र. आंडरसनवर केलं तर एक माणूस पळतोय, हात थोडा बाहेर. इथे तुम्ही आणि तुमचा मित्र भांडू शकता, आणि दोघंही वेडे नाही. कुकुरेयावर केलं तर हात फारसा विचित्र दिसत नाही. मग अंगठा काढा आणि बॉल कुठे चालला होता ते बघा, म्हणजे युएफाला काय खटकलं ते कळेल.

आणि आपल्या पिंपळगाव राजासारख्या ठिकाणी, शाळेच्या मैदानावर शिट्टी तुमच्याच हातात आली तर? तिथे लाइन्समन नाही, रिप्ले नाही. दोन गोष्टी पुरतात. एक, उभं कुठे राहायचं. हात आणि शरीर यांच्या मधली फट दिसेल अशा बाजूला राहा. हात तुमच्या नजरेच्या रेषेत आला, की तो चिकटलेला होता की पसरलेला, ते कळतच नाही. दोन, बॉल मारला जाण्याच्या आधीच डिफेंडरच्या हातांकडे एक नजर टाका. हात आधीपासून पसरलेला होता की हालचालीत गेला, याचं उत्तर त्या आधीच्या क्षणात असतं, बॉल लागल्यानंतरच्या आरडाओरड्यात नसतं.

शिट्टी वाजवली, आणि कॅप्टन येऊन म्हणाला, "दादा, मुद्दाम नाही लावला," तर त्याला सांगता येईल की मुद्दाम लावला असं मी म्हणतच नाही, तू शॉट अडवायला उभा होतास आणि तुला त्या हाताचं तिथे काही काम नव्हतं. आणि नाही वाजवली, तर समोरच्या कॅप्टनला सांगा, तो उडी मारत होता, उडी हातांशिवाय होत नाही. तो चिडेल, पण निदान कारण ऐकून चिडेल.

एवढंच आजच्या भागात. तुमच्या डोक्यात अडकलेला एखादा हँडबॉल असेल, तर मॅच आणि मिनिट सांगा. आधी बॉलवर अंगठा ठेवून बघा मात्र.